फोनवर ‘टी’ सांगितले की ‘डी’ का लिहिले जाते? आपले ट-ड आणि इंग्रजीचे ट-ड

मृण्मयी

नमस्कार. मी गेले दीड वर्ष इंग्लंडमध्ये मिडलंड्स भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. समोरासमोर बोलताना माझे इंग्रजी कोणाला कळत नाही असे होत नाही. अडचण येते ती फोनवर. मागच्या आठवड्यात एका रुग्णाचे आडनाव मी सहकाऱ्याला फोनवर अक्षरे सुटी करून सांगितले. पहिले अक्षर ‘टी’ होते आणि त्याने ‘डी’ लिहून घेतले. मी पुन्हा जोर देऊन ‘टी’ म्हटले, तेव्हाही त्याने ‘डी’च म्हणून खात्री करून घेतली. रुग्णाची नोंद सापडायला दहा मिनिटे गेली आणि तो बिचारा तोवर दाराशी कुबड्यांवर उभा होता.

त्या दिवसापासून मी इथल्या लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊन ऐकते आहे. त्यांचा ट आपल्या ट सारखा नाही आणि आपल्या त सारखाही नाही, तो या दोहोंच्या मधला वाटतो. माझे प्रश्न दोन आहेत. आपण सगळे मराठी लोक इंग्रजी बोलताना नेमका ट आणि ड च का वापरतो, त आणि द का नाही? आणि जीभ त्या मधल्या जागी न्यायची असेल तर कशी न्यावी?

रानवारा

चांगला विषय काढलात. माझ्या माहितीप्रमाणे आपला ट मूर्धन्य आहे, म्हणजे जीभ वर वळून टाळूला लागते, तर इंग्रजांची जीभ पुढे असते. तेव्हा ट सोडून त च्या दिशेने जायचे, एवढे साधे आहे. ‘टेन’ ऐवजी ‘तेन’ म्हणायचा सराव करा, थोड्याच दिवसांत जमेल.

चक्रपाणी

रानवारा, दिशा आपण बरोबर सांगितली आहे, पण मुक्काम चुकला आहे. मी पुण्यात नऊ वर्षे कॉल सेंटरमधील मुलांना उच्चाराचे प्रशिक्षण दिले. आपल्या सल्ल्याप्रमाणे ‘तेन’, ‘तीम’, ‘तेबल’ म्हणणारी मुले दर तुकडीत एक-दोन असायचीच. पलीकडच्या ग्राहकाला त्यांचे ‘तिन’ हे ‘थिन’ सारखे ऐकू यायचे, म्हणजे डबा सांगायचा असताना ‘बारीक’ असा अर्थ पोहोचायचा. इंग्रजीत दातांना जीभ लागली की तो ‘थिंक’ आणि ‘दिस’ यांचा प्रदेश सुरू होतो. ट मागे राहिला तर बोलणारा भारतीय आहे एवढेच कळते, पण तो थेट त वर आणला तर शब्दच बदलतो.

अमेरिकन ग्राहकांसाठी आम्ही आणखी एक गोष्ट शिकवत असू. ‘वॉटर’, ‘सिटी’ यांतला ट ते ड सारखा म्हणतात, म्हणून ‘वॉडर’, ‘सिडी’ म्हणायचे.

सीमावासी

मला या धाग्याच्या मुळाशीच एक प्रश्न आहे. फ्रेंच माणूस आपल्या पद्धतीने इंग्रजी बोलतो, स्कॉटिश माणूस आपल्या पद्धतीने बोलतो, आणि त्यांना कोणी जीभ हलवायला सांगत नाही. आपला ट हा या मातीचा आवाज आहे. शुद्ध मराठी ट वापरून स्पष्ट इंग्रजी बोलणारे वकील, प्राध्यापक आणि डॉक्टर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. आपण तो का बदलावा?

मृण्मयी

सीमावासी, तुमच्या भावनेचा मला आदर आहे आणि मला माझे मराठीपण लपवायचे मुळीच नाही. पण दाराशी उभ्या असलेल्या त्या रुग्णासाठी तरी ‘टी’ हा ‘टी’च ऐकू गेला पाहिजे. तेवढीच माझी गरज आहे.

ज्येष्ठा

माझा अनुभव नेमका उलट आहे, तरीही लिहिते. माझा नातू न्यू जर्सीत जन्मला, आता सहा वर्षांचा आहे. मराठी छान बोलतो, पण त्याला त आणि ट वेगळे काढता येत नाहीत. मागे मी तिकडे गेले असताना तो जेवताना म्हणाला, “आजी, मला टाक दे.” मी विचारले, “काय टाकू रे?” तो वाटीकडे बोट दाखवून पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा कळले की त्याला ताक हवे आहे. वात आणि वाट, पात आणि पाट हे त्याच्या तोंडी एकच आहेत. मुलांना हे कसे शिकवावे, याविषयी इथे कोणी सांगेल का?

वैखरी

ज्येष्ठाकाकू, तुमचा प्रश्न उलटा वाटला तरी उत्तराच्या जवळचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी महाविद्यालयात ध्वनिविज्ञान शिकवत असे.

वरच्या दातांच्या मागे जीभ फिरवून पाहा. प्रथम दाताची गुळगुळीत पाठ लागते, मग हिरडी, मग एक खरबरीत उंचवटा, आणि तो संपला की टाळूचा चढ सुरू होतो. आपला त दाताच्या पाठीशी होतो. आपला ट उंचवट्याच्या पलीकडे, चढ सुरू होतो तिथे होतो. इंग्रजी ट त्या उंचवट्यावरच होतो. मराठीने ही पट्टी ट आणि त यांच्यासाठी दोन भागांत वाटली आहे, इंग्रजीने मध्ये एकच खुंटी ठोकली आहे. तुमच्या नातवाच्या जिभेला ती एकच खुंटी माहीत आहे, म्हणून त्याचे ताक आणि टाक एकाच जागी पडतात. मृण्मयीच्या जिभेला दोन खुंट्या आहेत आणि मधली नाही.

आता, मधल्या आवाजासाठी आपण मागचीच खुंटी का निवडतो? ज्या भाषांत फक्त दंत्य त आहे, उदाहरणार्थ फ्रेंच किंवा स्पॅनिश, त्यांचे लोक इंग्रजीतही दंत्य आवाज नेतात, कारण त्यांना निवड करायचीच नसते. आपल्याला निवड करावी लागते, आणि ती कान करतो. त म्हणताना जिभेचा पुढचा पसरट भाग दातांवर टेकतो आणि सुटताना आवाज बोथट येतो. ट म्हणताना जिभेचे केवळ टोक लागते आणि सुटताना टणक, तुटक आवाज होतो. इंग्रजी ट सुद्धा टोकानेच होतो आणि तसाच टणक सुटतो. म्हणून जागा मधली असली तरी कानाला तो ट चा भाऊ वाटतो. शिवाय ‘थिन’ आणि ‘देन’ यांतले इंग्रजी आवाज आपण आधीच थ आणि द च्या घरात बसवलेले आहेत. तिथे आणखी एकाला घेतले असते तर ‘देन’ आणि ‘डेन’ एकच झाले असते. आपल्या पूर्वजांनी केलेली ही वाटणी विचारपूर्वक नव्हती, पण ती व्यवस्थित होती.

चक्रपाणी, ‘वॉडर’ बद्दल मात्र थोडे वेगळे सांगते. दोन स्वरांमधला आपला ड, जसा ‘घोडा’ मधला, जीभ मागे नेऊन पुढे फटकारून होतो. अमेरिकन ‘वॉटर’ मधला आवाज त्याच्या बराच पुढे, उंचवट्यावर, एका हलक्या टिचकीसारखा असतो. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ ‘वारा’ मधला एकेरी र आहे. ड ऐवजी तो र म्हणून पाहा.

गोंयकार

वैखरीताईंच्या उत्तराला गोव्याकडून एक पुरावा जोडतो. आमच्या कोंकणीत आणि जुन्या मराठीतही रुग्णालयाला ‘इस्पितळ’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा त दंत्य, म्हणून आपल्याकडेही दंत्य त. नंतर तोच शब्द इंग्रजांकडून आला तो ‘हॉस्पिटल’ म्हणून, ट घेऊन. एकाच शब्दाच्या दोन वाटा, आणि आपल्या कानाने दोन्ही वेळा नेमका फरक टिपला. पोर्तुगीजांकडून आलेली फीत आणि बादली हीसुद्धा दंत्यच राहिली. इंग्रजांकडून आलेले टेबल, डॉक्टर, स्टेशन पाहा, सगळीकडे ट आणि ड.

रानवारा

मग बटाटा कसा? तोही पोर्तुगीजांकडूनच आला ना? त्यात तर दोन-दोन ट आहेत.

गोंयकार

खरे आहे, त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. इंग्रजीतून आलेल्या ‘तिकीट’ मध्येही पहिला त दंत्य आणि शेवटचा ट मूर्धन्य आहे. कान बहुतेक वेळा नियम पाळतो, नेहमी नाही.

चक्रपाणी

वैखरीताई, र ची सूचना उत्तम आहे, आम्ही मुलांना वर्षानुवर्षे ड शिकवला याची खंत वाटते. पण मृण्मयी यांच्या मूळ प्रसंगाकडे परत येतो, कारण मला वाटते की तिथे जिभेच्या जागेचा संबंधच नाही. ‘टी’ चा ‘डी’ होण्याचे कारण श्वास आहे.

इंग्रज माणूस ‘टी’, ‘टेन’, ‘टाउन’ म्हणतो तेव्हा ट सुटल्यावर स्वर लगेच येत नाही, मध्ये श्वासाचा एक फुत्कार जातो. आपल्या ट मध्ये तो नसतो, कारण फुत्काराचा ट म्हणजे आपल्या लेखी ठ, आणि ते वेगळे अक्षर आहे. उलट इंग्रजांचा शब्दारंभीचा ‘डी’ आपल्या ड इतका घुमत नाही, पुष्कळदा तो जवळजवळ कोराच असतो. त्यामुळे त्यांचा कान ट आणि ड यांतला फरक घुमण्यावरून नव्हे, फुत्कारावरून ओळखतो. आपला कोरा ‘टी’ ऐकला की फुत्कार नाही म्हणून तो ‘डी’ समजतो. मृण्मयींनी जोर दिला तेव्हा आवाज मोठा झाला असेल, फुत्कार आला नसेल, म्हणून दुसऱ्यांदाही ‘डी’च लिहिले गेले.

वैखरी

चक्रपाणी यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी जागेवरच अडकून राहिले होते. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांनी 1964 मध्ये अकरा भाषांतल्या स्पर्शवर्णांची मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत मराठीही होती. इंग्रजी शब्दारंभीच्या ट मध्ये जीभ सुटणे आणि स्वर घुमू लागणे यांत सुमारे 70 सहस्रांश सेकंद जातात. आपल्या ट मध्ये हे अंतर त्याच्या एका लहान अंशाइतकेच असते. सेकंदाच्या इतक्या बारीक तुकड्यावर तो रुग्ण दहा मिनिटे उभा राहिला.

तेव्हा या धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळू नयेत. जीभ मागे असली तर इंग्रजी माणसाला आपला उच्चार परका वाटतो, पण शब्द बदलत नाही, कारण त्या मागच्या जागी इंग्रजीचा दुसरा कोणताही आवाज राहत नाही. श्वास नसला तर मात्र शब्दच बदलतो.

सीमावासी

म्हणजे माझे म्हणणे निम्मे तरी खरे ठरले. जागा बदलण्याची सक्ती नाही, श्वास तेवढा सोडावा. ‘टी’ ऐवजी ‘ठी’ म्हटले की काम झाले.

वैखरी

फोनवर अडचण आली तर ‘ठी’ हा तात्पुरता उपाय म्हणून मी नक्की सुचवेन, ‘डी’ तरी कोणी लिहिणार नाही. पण आपला ठ भारी असतो, आणि श्वास हवा कुठे आणि नको कुठे हेही पाहावे लागते. ‘स्टॉप’, ‘स्टेशन’ मध्ये स नंतरच्या ट ला इंग्रजीतही फुत्कार नसतो; तिथे आपला कोरा ट जसाच्या तसा चालतो. फुत्कार हवा तो शब्दाच्या ज्या तुकड्यावर आघात असतो त्याच्या आरंभी. ओठांपासून दोन बोटांवर ओला तळहात धरून ‘टाउन’ आणि ‘स्टॉप’ म्हणा. पहिल्याला हाताला गार झुळूक लागली पाहिजे, दुसऱ्याला लागता कामा नये.

मृण्मयी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ओल्या हाताची परीक्षा केली. माझ्या ‘टाउन’ ला ओल्या हातालाही झुळूक जेमतेम जाणवली, इतका श्वास कमी होता. कारण समजल्यामुळे खूप बरे वाटले. तरीही सीमावासी यांची क्षमा मागून सांगते की मला जागाही शिकायची आहे. दिवसभर हेच ऐकते आहे, आणि ऐकलेला आवाज तोंडात यावा असे वाटते. वैखरीताई, जीभ उंचवट्यावर गेली की नाही हे मला कसे कळणार? मला तर प्रत्येक वेळी ती बरोबर गेल्यासारखीच वाटते.

वैखरी

जिभेला स्वतःची जागा फारशी कळत नाही, म्हणून ती डोळ्यांनी पाहावी. ध्वनिविज्ञानात यासाठी जुनी पद्धत आहे: जिभेवर कोळशाची पूड तेलात कालवून लावतात, एकच शब्द उच्चारायला लावतात आणि टाळूवर डाग कुठे पडला ते आरशात पाहतात. घरी कोळशाऐवजी कोको पावडर चालेल. चिमूटभर कोको दोन-तीन थेंब तेलात कालवा आणि कापसाच्या बोळ्याने जिभेच्या टोकाला, टोकाच्या वर आणि खालच्या बाजूलाही लावा. तोंड आ करून एकच शब्द म्हणा, पुन्हा आ करा, गिळू नका. मोबाइलच्या उजेडात लहान आरसा धरून वर पाहा. मग चूळ भरून पुढचा शब्द.

शब्द मात्र असा हवा की ज्यात जीभ एकदाच टेकते. ‘पात’ आणि ‘पाट’ हे उत्तम आहेत, कारण प ओठांचा आहे. आणि नशिबाने इंग्लंडमध्ये ‘पार्ट’ मधला र बहुतेक लोक म्हणत नाहीत, तेव्हा तिसरा शब्द तोच घ्या. तीन शब्द, तीन डाग.

मृण्मयी

काल रात्री केले. ‘पात’ ला वरच्या पुढच्या दातांच्या पाठी तपकिरी झाल्या, हिरडीच्या काठावरही थोडे लागले. चूळ भरून ‘पाट’ म्हटले, तर दात अगदी स्वच्छ, उंचवटाही जवळजवळ स्वच्छ, आणि त्याच्या मागे नखाएवढी एक तपकिरी कमान. मग मी अगदी इंग्रजी माणसासारखा म्हणून ‘पार्ट’ म्हटला. डाग पाटाच्या डागावर तंतोतंत पडला. मला मात्र जीभ अर्धा इंच पुढे गेल्याचे वाटत होते! तुम्ही म्हणालात ते पटले, जिभेवर विश्वास ठेवता येत नाही.

वैखरी

पहिल्या दिवशी बहुतेकांचे असेच होते. आता मधली जागा शून्यातून शोधायची गरज नाही, कारण मराठीत ती रोज वापरात आहे, फक्त ट च्या नावाने नाही. ‘चमचा’ मधला पहिला च म्हणा, ‘चार’ मधला नको. ‘चमचा’, ‘चोर’, ‘चाक’ यांतल्या च साठी बहुतेक मराठी माणसांची जीभ बरोबर त्या उंचवट्यावर टेकते आणि मग स सारखी घासत सुटते. ‘चाक’ म्हणायला जीभ टेकवा आणि तिथेच थांबा. आता घासू न देता एकदम सोडा. जो आवाज आला तो इंग्रजी ट.

दुसरी वाट ल ची. ‘ओल्ड’, ‘कोल्ड’ म्हणताना ल साठी जीभ उंचवट्यावर असते आणि आपण ड साठी ती मागे खेचतो. खेचू नका, ल च्या जागीच दाबून सोडा. न ची वाट मी आधी सांगत नाही, कारण ‘सेंड’ म्हणताना ‘थंड’ च्या सवयीने आपला न सुद्धा ण होऊन मागे जातो, आणि मग दोघेही मागे.

सरावाचा क्रमही महत्त्वाचा आहे. ‘पाठ’ आणि ‘पीठ’ म्हणून पाहा: ई च्या शेजारी ठ आपोआप पुढे सरकतो. म्हणून ‘टी’, ‘टीम’, ‘मीट’ पासून सुरुवात करा आणि ‘टॉप’, ‘पार्ट’ शेवटी ठेवा.

रानवारा

मीही कोको लावून पाहिले. माझा ‘तेन’ चा आग्रह मागे घेतो. पण एक शंका आहे. इंग्रजी ‘ट्रेन’ म्हणताना मला टीव्हीवरच्या इंग्रजांची जीभ आपल्यासारखीच मागे वाटते. मग तिथेही पुढे न्यायची का?

वैखरी

रानवारा, फार चांगले ऐकलेत. तिथे न्यायची नाही. र च्या आधी इंग्रजी ट आणि ड स्वतःच उंचवट्यामागे सरकतात, ‘ट्रेन’ तर पुष्कळांच्या तोंडी ‘च्रेन’ च्या जवळ जातो. तिथे आपला ट फार दूर नसतो. आणि याची दुसरी बाजूही आहे. ‘अ‍ॅट द’ किंवा ‘एट्थ’ म्हणताना पुढच्या आवाजामुळे इंग्रजी ट दातांवर येतो, म्हणजे तिथे आपला त योग्य. इंग्रज माणूस तिन्ही जागा वापरतो, पण शेजारी पाहून, आणि त्याला ते माहीत नसते.

चक्रपाणी

प्रशिक्षणातला एक अनुभव जोडतो. शब्दाच्या आरंभीचा ट मुले लवकर सुधारत, पण ‘बेड’, ‘गुड’, ‘राइट’ मधला शेवटचा मागेच राहत असे, आणि ऐकणाऱ्याला तोच अधिक खुपत असे. याचे कारण मला कधी नीट कळले नाही.

वैखरी

मागे वळणाऱ्या जिभेचा रंग तिच्या आधीच्या स्वरावर अधिक चढतो, नंतरच्या स्वरावर कमी. ‘बेड’ म्हणताना ए लांबवून पाहा. आपल्या पद्धतीने म्हटले तर ए च्या शेपटीला र ची हलकी छटा ऐकू येते, कारण जीभ आधीच मागे निघालेली असते. इंग्रजी ‘बेड’ मध्ये ए शेवटपर्यंत कोरा राहतो. आरसा नसताना हीच खूण वापरावी: स्वराला र चा वास आला तर जीभ मागे गेली.

सीमावासी

एवढे सगळे वाचून मीही ‘बेड’ म्हणून पाहिला आणि ती छटा ऐकली. माझे मत बदललेले नाही. मी माझा ड ठेवणार आहे. पण यापुढे कोणाला अक्षरे सांगताना श्वास मात्र सोडेन, कारण तो ऐकणाऱ्याचा हक्क आहे हे पटले.

मृण्मयी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. रोज संध्याकाळी दहा मिनिटे ‘चाक’ वर थांबून सोडण्याचा सराव केला. ‘टी’, ‘टीम’, ‘टेन’ पहिल्याच आठवड्यात आले. ‘पार्ट’ चा डाग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सरकला: आता कमान उंचवट्यावर पडते, दात स्वच्छ राहतात. काल फोनवर पुन्हा ‘टी’ ने सुरू होणारे आडनाव सांगितले आणि सहकाऱ्याने एकदाही विचारले नाही. त्याचे श्रेय जागेपेक्षा श्वासाला आहे हे आता मला कळते.

जे जमलेले नाही तेही सांगते. सावकाश बोलताना ‘बेड’ कोरा येतो, पण रुग्णाला पटकन ‘टर्न ऑन द बेड’ म्हणताना ए ला र ची छटा येतेच. आणि आईशी मराठीत बोलून लगेच इंग्रजी फोन घेतला तर पहिल्या दोन-तीन वाक्यांत सगळे ट मागे गेलेले असतात. यावर काही उपाय आहे का?

वैखरी

दोन भाषांमध्ये असा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचे थोडेफार असेच होते, आणि पूर्ण उपाय माझ्या पाहण्यात नाही. फोन उचलण्याआधी एकदा ‘ओल्ड’ म्हणून ल ची जागा आठवून घ्या. मी स्वतः व्याख्यानाआधी तेच करत असे.

ज्येष्ठा

मीही कळवते. तुमचा कोकोचा प्रयोग मी व्हिडिओ कॉलवर सुनेकडून नातवावर करून घेतला, पण उलटा: जीभ दातांवर न्यायची आणि दात तपकिरी झाले पाहिजेत. पहिल्या तीन वेळा दात पांढरेच राहिले. चौथ्यांदा त्याने जीभ दातांबाहेर काढता काढता ‘ताक’ म्हटले, दात तपकिरी झाले आणि शब्दही बरोबर आला. लगेच पाठोपाठ ‘पात’ म्हणायला सांगितले तर पुन्हा पाट आला. शब्दाच्या शेवटचे त्यालाही अवघड जाते आहे असे दिसते. पुढच्या रविवारी ‘वात’ घेणार आहोत.